विस्कळीत रकान्यांच्या यादीतून डेटा डिक्शनरी कशी तयार करावी

बडोद्यात पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची संख्याशास्त्रीय बाजू पाहताना माझ्यासमोर बहुतेक वेळा एकच गोष्ट येते: तीन-चार जणांनी निरनिराळ्या वेळी भरलेली एक्सेलची फाइल, तिच्यात पन्नास-साठ रकाने आणि प्रत्येक रकान्याला घाईत दिलेले तोकडे नाव. अशा यादीतून विश्लेषणाला योग्य अशी डेटा डिक्शनरी, म्हणजे प्रत्येक रकान्याचे नाव, अर्थ, एकक आणि कोड सांगणारी यादी, कशी उभी करावी, हे मी एका उदाहरणाच्या आधारे सांगणार आहे. अभ्यास प्रकार २ मधुमेहाच्या ९२ रुग्णांचा आहे. ओपीडीत पहिली भेट आणि तीन महिन्यांनी दुसरी भेट, आणि मूत्रपिंडावर परिणाम झाला आहे का, हा प्रश्न. हे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण त्यांतल्या चुकांचे प्रकार मी प्रत्यक्ष पाहिलेले आहेत.

आपल्या हाती आलेल्या रकान्यांची यादी अशी आहे:

```
Sr no, Pt name, Mob, Age, SEX, Ht, wt, Tob,
FBS, Creat, S.Creat2, UACR, U alb, DOV, DOV 3m, Rem
```

नवखा माणूस ही यादी घेतो, प्रत्येक नावापुढे त्याचा अर्थ लिहितो (`Ht` म्हणजे उंची, `Tob` म्हणजे तंबाखू) आणि डिक्शनरी झाली असे समजतो. तशी ती होत नाही. रकान्याचे नाव भरणाऱ्याचा हेतू सांगते. रकान्यात प्रत्यक्ष काय उतरले, ते त्यातल्या किमती आणि मूळ केस पेपर सांगतात. म्हणून डिक्शनरीतली प्रत्येक ओळ हा एक निर्णय असतो, आणि त्या निर्णयाचा पुरावा कुठला, हे त्याच ओळीत लिहावे लागते.

मूळ फाइल गोठवणे आणि कोणी भरले ते शोधणे

पहिले काम म्हणजे मिळालेली फाइल जशीच्या तशी `raw_v0` या नावाने वेगळी ठेवणे आणि तिला पुन्हा हात न लावणे. त्यानंतर रुग्णाचे नाव आणि मोबाइल क्रमांक कामाच्या प्रतीतून काढून टाकावेत, प्रत्येक रुग्णाला अभ्यास-क्रमांक द्यावा आणि क्रमांक व नाव यांची जोडणी दाखवणारी फाइल मार्गदर्शकांच्या ताब्यात कुलूपबंद ठेवावी. ही जोडणी पुसून टाकू नये, कारण पुढे शंका आली की त्याच रुग्णाचा केस पेपर पुन्हा काढावा लागणार आहे.

याच टप्प्यावर एक रकाना वाढवावा, ज्याचा पुढे फार उपयोग होतो: ही ओळ कोणाच्या शीटमधून आली. आपल्या उदाहरणात रेसिडेंटने भरलेली शीट अ, दोन इंटर्ननी भरलेली शीट ब आणि शिबिरातल्या रुग्णांची शीट क अशा तीन शीट्स एकाखाली एक चिकटवलेल्या आहेत. चिकटवताना शीटची ओळख पुसली गेली असेल, तर आधी ती परत मिळवावी. ती नसेल तर पुढचे निम्मे प्रश्न सुटत नाहीत.

शीटचा रकाना वाढवलेली कामाची प्रत, `work.csv`, वाचताना प्रत्येक रकाना मजकूर म्हणून वाचावा, आकडा म्हणून नव्हे. आर वापरत असल्यास असे:

```
d <- read.csv("work.csv", colClasses = "character",
              na.strings = "", check.names = FALSE)
table(d$Tob, d$sheet, useNA = "ifany")
```

`na.strings = ""` मुद्दाम लिहिले आहे. ते लिहिले नाही, तर कोणी "लागू नाही" या अर्थाने टाइप केलेले `NA` हे आर स्वतःहून रिकाम्या किमतीत बदलतो आणि दोन वेगळ्या गोष्टी कायमच्या एक होऊन जातात.

कोड: एकाच आकड्याचे दोन अर्थ

वरच्या आज्ञेने मिळालेला तक्ता असा दिसतो:

```
        A   B   C
  0     0  17   0
  1    14   5   0
  2    22  10   0
  N     0   0  12
  Y     0   0   9
  <NA>  1   0   2
```

असाच एक तक्ता समोर असताना एका रेसिडेंटने मला विचारले होते, "सर, यात दोन म्हणजे नाहीच ना?" तिच्या स्वतःच्या शीटपुरते ते अगदी खरे होते. शीट अ मध्ये १ म्हणजे हो आणि २ म्हणजे नाही. पण शीट ब मध्ये ० आहे, आणि ज्याला फक्त हो-नाही लिहायचे आहे त्याला तीन आकडे लागत नाहीत. इंटर्नना विचारल्यावर कळले की त्यांनी ० कधीच नाही, १ पूर्वी होते, २ सध्या आहे, असे लिहिले होते. म्हणजे एकाच रकान्यातला २ हा शीट अ मध्ये तंबाखू न घेणारा आणि शीट ब मध्ये सध्या घेणारा. सगळ्या रकान्याला "१ हो, २ नाही" असे लेबल लावले असते तर तंबाखू घेणारे दहा रुग्ण न घेणाऱ्यांत गेले असते, पूर्वी घेणारे पाच जण घेणाऱ्यांत आले असते, आणि संगणकाने कुठलीही चूक दाखवली नसती. यासाठीच वारंवारतेचा तक्ता कधीही एकत्रित काढू नये, शीटवार काढावा. एका शीटमध्ये असलेला आणि दुसऱ्या शीटमध्ये मुळीच नसलेला कोड दिसला की तिथे थांबावे.

आता निर्णय. शीट ब मध्ये तीन पायऱ्यांची माहिती आहे, अ आणि क मध्ये दोनच. अ मधला "नाही" हा "कधीच नाही" होता की "सोडली", हे आकड्यातून कळणार नाही. केस पेपरवर ते लिहिले असेल तर पेपर काढून तीन पायऱ्या भराव्यात. नसेल तर तिन्ही शीट्सना पेलेल असे दोन पायऱ्यांचे नवे व्हेरिएबल करावे, `tob_now`, सध्या घेतो का. यात शीट ब चे ० आणि १ हे दोन्ही "नाही" मध्ये जातात. हिशेब जुळवून पाहावा: घेणारे १४, १० आणि ९ मिळून ३३, न घेणारे २२, २२ आणि १२ मिळून ५६, माहिती नसलेले ३, एकूण ९२. नवे व्हेरिएबल केल्यावर ही बेरीज प्रत्येक वेळी करावी. माहिती कमी होते याचे वाईट वाटते, पण शीट अ च्या २२ जणांना "कधीच नाही" म्हणणे म्हणजे जी माहिती कोणी गोळाच केली नाही ती लिहिणे होय.

याच ओळीत आणखी एक गोष्ट नोंदवावी, ती म्हणजे रुग्णाला प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला. आपल्याकडे बडोद्यात तंबाखूचा मावा खाणारे खूप आहेत. "बीडी-सिगरेट पीओ छो?" असे विचारले तर मावा खाणारा माणूस प्रामाणिकपणे "ना" म्हणतो. रकान्याचे नाव `Tob` असले तरी शीट क मध्ये धूम्रपानाचाच प्रश्न विचारला गेला असेल, तर तो रकाना तंबाखूचा राहत नाही, आणि वर जुळवलेली बेरीजही मग मोडते: शीट क पूर्ण वगळावी लागते किंवा रुग्णांना पुन्हा विचारावे लागते. म्हणून लेबल मराठीत किंवा इंग्रजीत लिहिले, तरी विचारलेले गुजराती वाक्य शेजारी जसेच्या तसे ठेवावे.

एकके: कुठला घोळ किमतीवरून ओळखता येतो आणि कुठला येत नाही

`Creat` म्हणजे रक्तातले क्रिएटिनिन. बहुतेक लॅब ते मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, पण काही अहवालांत ते मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये असते आणि दोहोंतला गुणक ८८.४ आहे. किमती चढत्या क्रमाने लावल्या की ०.७, ०.९, १.४, २.१ असे आकडे जातात आणि मग एकदम ७४, ८०, ११५ येतात. मधली जागा रिकामी असते. ८० भागिले ८८.४ म्हणजे साधारण ०.९, जे शक्य आहे. आणि ८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हे जिवंत रुग्णात शक्य नाही. इथे किमतीवरून एकक ठरवण्यास माझी हरकत नसते, मात्र त्यातले दोन-तीन अहवाल काढून खात्री करावी आणि "गुणकाने बदलले" अशी नोंद ठेवावी.

लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची, म्हणजे `UACR` ची, गोष्ट वेगळी आहे आणि या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष नेमका याच रकान्यावर उभा आहे. हे गुणोत्तर मिलिग्रॅम प्रति ग्रॅम किंवा मिलिग्रॅम प्रति मिलिमोल अशा दोन एककांत येते आणि गुणक फक्त ८.८४ आहे. या मापाची नैसर्गिक व्याप्ती एकेरी आकड्यांपासून हजारांपर्यंत असल्याने दोन्ही एककांतल्या किमती एकमेकींत पूर्ण मिसळतात, मध्ये मोकळी जागा पडत नाही. समजा रकान्यात २५ लिहिले आहे. ते मिलिग्रॅम प्रति ग्रॅम असेल तर ३० या सीमेच्या आत, म्हणजे वाढ नाही. ते मिलिग्रॅम प्रति मिलिमोल असेल तर २५ गुणिले ८.८४ म्हणजे २२१ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम, म्हणजे स्पष्ट वाढ. रुग्ण तोच, आकडा तोच, आणि निष्कर्ष उलट. त्यात भर म्हणून "मायक्रोअल्ब्युमिन" या नावाने येणारे काही अहवाल गुणोत्तराचे नसतातच. ते लघवीतल्या नुसत्या अल्ब्युमिनचे प्रमाण, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, देतात. यादीतला `U alb` हा रकाना तसलाच असण्याची शक्यता आहे, आणि भरणाऱ्याने कधी एक तर कधी दुसऱ्यात आकडा टाकलेला असतो.

इथे अंदाज करू नये. ९२ अहवाल काढून पाहणे हे दोन दुपारचे काम आहे आणि ते केलेच पाहिजे. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी भराव्यात: अहवालावर छापलेला आकडा, अहवालावर छापलेले एकक आणि त्यांतून काढलेली मिलिग्रॅम प्रति ग्रॅममधली किंमत. अहवालावर अल्ब्युमिन आणि लघवीतले क्रिएटिनिन वेगवेगळे छापलेले असतील तर पडताळा सोपा आहे. अल्ब्युमिन ४० मिलिग्रॅम प्रति लिटर आणि क्रिएटिनिन ८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे ०.८ ग्रॅम प्रति लिटर. ४० भागिले ०.८ म्हणजे ५० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम. अहवालावरचा गुणोत्तराचा आकडा ५० असेल तर एकक ग्रॅमचे, ५.७ च्या आसपास असेल तर मिलिमोलचे. ज्या रुग्णाचा अहवाल सापडतच नाही, त्याचे एकक "अज्ञात" लिहावे आणि काढलेली किंमत रिकामी सोडावी. प्रबंधात दोन रुग्ण कमी झालेले चालतात.

काही अहवालांत "<5" असे छापलेले असते, म्हणजे यंत्राच्या किमान मापनक्षमतेपेक्षा कमी. ही किंमत रिकामी नाही आणि शून्यही नाही. मूळ रकान्यात ती तशीच ठेवावी, शेजारी "सीमेखाली" असा खुणेचा रकाना करावा आणि विश्लेषणात तिच्याऐवजी काय धरायचे, हे मार्गदर्शकांशी बोलून डिक्शनरीत लिहावे.

उंची: एका शून्याचा फरक

`Ht` मध्ये शीट ब आणि क ने सेंटिमीटर लिहिले आहेत, शीट अ ने फूट-इंच. ५ फूट ४ इंच ही उंची ५.४ अशी लिहिली जाते, आणि ती दशांश समजून गुणली तर १६२.६ ऐवजी १६४.६ सेंटिमीटर येते. हे नुकसान लहान आहे. मोठे नुकसान दुसरीकडे आहे. ५ फूट १० इंच लिहिताना भरणारा ५.१० टाइप करतो, एक्सेल त्याला आकडा समजून शेवटचे शून्य टाकून देते आणि ५.१ उरते, म्हणजे ५ फूट १ इंच. १७७.८ सेंटिमीटरचा माणूस १५४.९ चा होतो. त्याचे वजन ७० किलो असेल तर बॉडी मास इंडेक्स २२.१ ऐवजी २९.२ निघतो. एक सडपातळ माणूस लठ्ठपणाच्या गटात जातो, आणि दोन्ही उंच्या शक्य असल्यामुळे कुठलीही किमान-कमाल मर्यादा ही चूक पकडत नाही.

शून्य एकदा गेले की ते फाइलमधून परत मिळत नाही. म्हणून शीट अ मधल्या ५.१ असलेल्या प्रत्येक ओळीचा केस पेपर पाहावा. अशा ओळी चार-पाचच असतात. नव्या फाइलमध्ये मात्र फूट आणि इंच यांचे दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत आणि `ht_cm` हे त्यांतून काढलेले व्हेरिएबल असावे. पेपर पाहताना आणखी एक खबरदारी घ्यावी. शिबिरात वय आणि वजन अनेकदा गुजराती किंवा देवनागरी अंकांत लिहिलेले असते, आणि दोन्ही लिप्यांतला एक हा घाईच्या नजरेला इंग्रजी नऊसारखा, तर चार हा इंग्रजी आठसारखा दिसतो. ४१ वर्षांचा माणूस ८९ चा होऊ शकतो. वयाच्या रकान्यात अनपेक्षित ८९ किंवा ८१ दिसले की आधी पेपरची लिपी पाहावी.

तारखांबद्दल थोडक्यात: `DOV` मधल्या काही किमती खान्याच्या उजव्या बाजूला आणि काही डाव्या बाजूला चिकटलेल्या दिसत असतील, तर एक्सेलने महिना आधी आणि दिवस नंतर असे वाचले आहे. १३ किंवा त्यापुढचे दिवस त्याला महिने म्हणून जमले नाहीत, म्हणून ते मजकूर राहिले आणि डावीकडे गेले; १ ते १२ मधले दिवस निमूटपणे उलटे झाले. नव्या फाइलमध्ये २०२४-०४-०३ अशा, वर्ष-महिना-दिवस क्रमाने तारखा ठेवाव्यात.

रिकाम्या खान्यांची कारणे

दुसऱ्या भेटीचे `S.Creat2` रिकामे आहे. रुग्ण आलाच नाही, आला पण रक्त घेतले नाही, की रक्त घेतले पण अहवाल हरवला? तिन्हींचा अर्थ वेगळा आहे आणि न आलेल्या रुग्णांची संख्या तर प्रबंधात स्वतंत्रपणे द्यावीच लागते. माझी पद्धत अशी की कारणांना ऋण आकडे द्यावेत: -7 लागू नाही, -8 मोजले नाही, -9 माहिती मिळत नाही. ९९ हा जुना, रूढ कोड वापरू नये, कारण ९९ किलो वजनाचा रुग्ण खरोखर येतो आणि फास्टिंग साखर ९९ तर रोज येते. या अभ्यासातल्या कुठल्याच मापाची किंमत ऋण नसल्यामुळे ऋण कोड इथे सुरक्षित आहेत. रक्तवायूंच्या तपासणीतला बेस एक्सेस असता, तर ते चालले नसते. सरासरी काढण्यापूर्वी हे कोड रिकाम्या किमतींत बदलायचे असतात, आणि ते बदलले की नाही हे पाहण्याची सोपी खूण म्हणजे प्रत्येक रकान्याची किमान किंमत पाहणे.

डिक्शनरीची ओळ

आता लिहिण्याचे काम उरते आणि ते लवकर होते. नावे लहान इंग्रजी अक्षरांत, अक्षराने सुरू होणारी, मध्ये रिकामी जागा किंवा टिंब नसलेली ठेवावीत. पुढे माहिती भरायला रेडकॅप हे सॉफ्टवेअर वापरायचे ठरले तरी ती तशीच चालतात. दोन ओळी नमुन्यासाठी:

```
name:    tob_now
raw:     Tob
type:    category
codes:   0, No | 1, Yes
missing: -9
source:  OPD paper, history section
rule:    A: 1->1, 2->0; B: 0,1->0, 2->1; C: Y->1, N->0

name:    uacr_mgg
raw:     UACR, U alb
type:    number
unit:    mg/g
range:   0-10000
missing: -8, -9
source:  lab report, unit as printed
rule:    mg/mmol x 8.84; albumin in mg/L alone -> blank
```

`range` मध्ये नवशिके हमखास लॅबची नॉर्मल मर्यादा लिहितात. तसे केले तर आजारी रुग्णाची प्रत्येक खरी किंमत चूक म्हणून दाखवली जाते आणि काही दिवसांनी भरणारा इशाऱ्यांकडे पाहणेच सोडतो. इथे शक्यतेची मर्यादा लिहायची असते: क्रिएटिनिनसाठी, उदाहरणार्थ, ०.२ ते २०.

सगळ्या ओळी झाल्यावर डिक्शनरी अशा माणसाच्या हाती द्यावी ज्याने यातले काहीच भरलेले नाही. त्याला प्रत्येक शीटमधले चार, असे बारा रुग्णांचे केस पेपर आणि अहवाल द्यावेत, आपली फाइल दाखवू नये आणि फक्त डिक्शनरी वाचून त्या बारा ओळी नव्याने भरायला सांगाव्यात. मग दोन्ही फाइली खाना खान्याशी ताडून पाहाव्यात. जिथे त्याने थांबून प्रश्न विचारला, ती ओळ अपुरी लिहिली आहे. जिथे त्याने न विचारता वेगळी किंमत भरली, ती ओळ दोन अर्थांची आहे, आणि ती आधी दुरुस्त करावी. दुरुस्तीनंतर फाइलच्या नावात `v1` चे `v2` करावे, कोणती ओळ कोणत्या तारखेला आणि का बदलली हे शेवटच्या पानावर लिहावे, आणि विश्लेषणाच्या प्रत्येक प्रतीवर ती कोणत्या आवृत्तीवरून केली आहे तो क्रमांक टाकावा.